आभाराच्या पत्रात नाडीचे आकडे

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली रुग्णालय सोडून जातात, त्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरांच्या टेबलावर ग्रीटिंग कार्डं साचतात. वर्गणी काढून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ येतं, केक कापला जातो, ग्रुप फोटो निघतो. कार्डांवरचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. ‘आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल शतशः आभार.’ ‘आपले ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य.’ शब्दांत व्यक्त करण्याचा प्रयत्न कुणी केलेला नसतो, त्यामुळे अशक्य की शक्य हा प्रश्न तसाच राहतो. पुढच्या वर्षी नवी कार्डं येतात आणि जुनी खणाच्या तळाशी जातात.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्यामुळे ही पत्रं देण्याआधी मुली कधी कधी मला दाखवतात. ‘मॅडम, शुद्धलेखन बघाल का?’ बहुतेक वेळा शुद्धलेखन ठीक असतं. पण ते पत्र शाळेतल्या बाईंना, बँकेच्या मॅनेजरला किंवा निवृत्त होणाऱ्या तलाठ्यालाही जसंच्या तसं देता येईल असं असतं. खरं तर आभारपत्र हे या व्यवसायातलं एक उपयोगी लिखाण होऊ शकतं. कसं, ते यंदाच्या एका विद्यार्थिनीच्या पत्रावरून सांगते. पत्र तिच्या आणि सिस्टरांच्या परवानगीने वापरते आहे. नावं, वार, रुग्णालय काहीच देत नाही.

आधी हे पत्र कुणाला लिहिलं जातं ते सांगायला हवं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. नव्या अभ्यासक्रमात त्याची आठ सत्रं आहेत आणि शेवटचं सत्र इंटर्नशिपचं. त्या काळात विद्यार्थी पाळीप्रमाणे प्रत्यक्ष ड्युटी करतात. कॉलेजचे शिक्षक फेरी मारतात, केस विचारतात, वही तपासतात. पण संध्याकाळी सात वाजता लेबर रूममध्ये विद्यार्थिनीच्या शेजारी उभी असते ती त्या वॉर्डातली कायम नोकरीतली, अनुभवी परिचारिका. विद्यार्थ्यांना हाताशी धरून शिकवायचं काम तिच्याकडे सोपवलेलं असतं. कागदोपत्री तिला प्रीसेप्टर म्हणतात. वॉर्डात ती ‘आपल्या सिस्टर’ असते. तिची स्वतःची कामं तिला चुकत नाहीत. इंजेक्शनांच्या वेळा, नवीन ॲडमिशन, साठा नोंदवही, ओव्हर घेणं-देणं, हे सगळं सांभाळून ती शिकवते. शिकाऊ हात शेजारी असला की काम लवकर होत नाही, उलट लांबतं. जी सलाइन ती स्वतः दोन मिनिटांत लावेल, तिला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत पलीकडच्या खाटेवरून हाका चालू असतात.

विद्यार्थिनींना तिच्याकडून हवी असते ती लॉगबुकवरची सही. इतक्या प्रसूती पाहिल्या, इतक्या केल्या, इतक्या गरोदर स्त्रिया तपासल्या, प्रत्येकापुढे सही. सत्र संपत आलं की सह्यांसाठी धावपळ उडते. काही ठिकाणी एका बैठकीत वीस सह्या होतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी ज्या सिस्टरांविषयी लिहिते आहे त्या अशी सही देत नाहीत. त्यामुळे त्यांच्याबद्दल मुलींचं मत पहिल्या आठवड्यात फारसं चांगलं नसतं.

तर ही मुलगी पत्राचा कच्चा खर्डा घेऊन आली. ‘आदरणीय सिस्टर, आपण आम्हाला केवळ नर्सिंगच नव्हे तर माणुसकी शिकवली’ अशी सुरुवात होती. मी तिला एवढंच विचारलं, ‘सिस्टरांनी शिकवलेलं नेमकं काय तू उद्या नोकरीवर पहिल्या दिवशी वापरशील?’ ती थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, ते मी लिहू? त्यात रक्त-बिक्त आहे.’

तिने जे लिहून आणलं त्याचा गाभा असा.

प्रसूती झाल्यानंतरचे पहिले दोन तास जोखमीचे. बाळ आलं, वार पडली, घरच्यांचे पेढे आले, आणि नेमकं याच वेळी आईला अतिरक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय आणि रक्तस्राव तपासायचा असतो. त्या संध्याकाळी या मुलीकडे दुसऱ्या बाळंतपणाची एक ताई होती. प्रसूती सरळ झाली होती, वार पूर्ण पडली होती, गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन दिलेलं होतं. मुलीने इमानेइतबारे नोंदी केल्या. पहिल्या नोंदीत नाडी 88, रक्तदाब 118/76. पंधरा मिनिटांनी नाडी 94, रक्तदाब 116/74. आणखी पंधरा मिनिटांनी नाडी 104, रक्तदाब 114/76. पॅडवर डाग होता, पण फार नव्हता. ताई बाळाकडे बघत होती. तिने ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

पत्रातला पुढचा भाग तिच्याच शब्दांत देते:

‘सिस्टर, तुम्ही जाता जाता चार्ट पाहिलात आणि मला म्हणालात, “नाडीचे तिन्ही आकडे वरून खाली मोठ्याने वाच.” मी वाचले. अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव, एकशे चार. वाचताना माझ्या लक्षात आलं. तुम्ही “काय दिसतं?” असं विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, “आता हात लाव.”’

इथे वाचकांसाठी थोडं थांबायला हवं, कारण या मुलीने तीन ओळींत जे लिहिलं आहे त्यात बरंच काही आहे. प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर एकही घाबरवणारी नाही. बाळंतपणानंतर नाडी थोडी वाढलेली असू शकते आणि 114/76 हा रक्तदाब कुणालाही चांगलाच वाटेल. घोळ इथेच आहे. तरुण, निरोगी बाळंतिणीच्या शरीरात गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं. रक्त जाऊ लागलं की शरीर आधी नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब टिकवून धरतं. जवळपास लिटरभर रक्त जाईपर्यंत रक्तदाब फारसा हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे रक्तदाबाच्या भरवशावर बसलेली परिचारिका फसते आणि नाडीचा कल पाहणारी वेळेत उठते.

यासाठी एक सोपा भागाकारही आहे. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचं. बाळंतिणीत हे उत्तर 0.9 किंवा त्याहून जास्त आलं तर कान टवकारायचे. पहिल्या नोंदीत 88 भागिले 118 म्हणजे सुमारे 0.75. तिसऱ्या नोंदीत 104 भागिले 114 म्हणजे 0.91. अर्ध्या तासात आकडा रेषेपलीकडे गेला होता. सिस्टरांनी अर्थातच भागाकार केला नव्हता. मुलीने तो घरी जाऊन केला आणि पत्रात लिहिला. ‘तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत ते मला कॅल्क्युलेटरवर दिसलं,’ असं तिचं वाक्य आहे.

मग हात लावण्याची गोष्ट. प्रसूतीनंतर गर्भाशयाचा वरचा भाग बेंबीच्या आसपास, मध्यभागी आणि क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक लागायला हवा. तो टणक आहे म्हणजे आतले स्नायू आवळले आहेत आणि वार सुटलेल्या जागेवरच्या रक्तवाहिन्या दाबून बंद झाल्या आहेत. मुलीने हात लावला, पण तिला नीट समजेना. सिस्टरांनी हातमोजा घातला आणि तिचा हात बाजूला न करता त्यावर आपला हात ठेवला. गर्भाशय बेंबीच्या वर होतं, उजवीकडे सरकलेलं आणि मऊ. सिस्टरांनी दुसऱ्या स्टाफला आवाज देऊन रेसिडेंट डॉक्टरांना बोलवायला सांगितलं आणि त्याच दमात मुलीच्या हाताने गर्भाशय चोळायला सुरुवात केली. मग ताईंना कुशीवर वळवलं. पॅड पुढे जेमतेम भिजलेलं होतं, पण कमरेखालच्या मॅकिंटॉशवर रक्ताचं थारोळं होतं. पाठीवर झोपलेल्या बाईचं रक्त उताराने मागे जातं. समोरून पॅड पाहून समाधान मानणाऱ्याला ते दिसत नाही.

गर्भाशय वर आणि उजवीकडे का सरकलं? मूत्राशय भरलेलं होतं. प्रसूतीच्या आधीपासून ताईंना लघवी झालेली नव्हती. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं, बाजूला सारतं आणि त्याला नीट आवळू देत नाही. बेडपॅन देऊन काही झालं नाही, तेव्हा कॅथेटर घातला. सहाशे मिली लघवी निघाली आणि हाताखाली गर्भाशय आखडत गेलेलं मुलीला कळलं. तोपर्यंत डॉक्टर आले होते, ऑक्सिटोसिनची ड्रिप सुरू झाली, कुठे फाटलं आहे का हे त्यांनी पाहिलं. भिजलेली पॅडं आणि कापड वजनकाट्यावर टाकलं. कोरड्याचं वजन वजा केलं की उरलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली रक्त असं धरतात. अंदाजाने सांगितलेलं रक्त नेहमी कमी भरतं, म्हणून ही कटकट करायची. पाळी संपताना ताईंची नाडी 82 होती. बाळ पाजून झालं होतं.

आता मुलीला आभार कशाचे मानायचे होते? रुग्ण वाचवला त्याचे नाही. ते सिस्टरांचं रोजचं काम. पत्राचा खरा तपशील त्यानंतर येतो आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो:

‘तुम्ही माझा हात बाजूला केला असतात तर काम लवकर झालं असतं. तुम्ही तो तिथेच ठेवलात. मऊ गर्भाशय आणि टणक गर्भाशय यातला फरक मी पुस्तकात चारदा वाचला होता. तो मला त्या एका मिनिटात तळहाताला कळला, कारण तो माझ्या हाताखाली बदलला. ताईंसमोर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. नंतर ड्युटी रूममध्ये दार लावून तुम्ही विचारलंत, “तू समाधानकारक लिहिलंस, ते कशावरून?” मी म्हटलं, बीपीवरून. तुम्ही म्हणालात, “बीपी सगळ्यात शेवटी पडतं. त्याच्यावरून नाही लिहायचं.” आणि माझ्या लॉगबुकवर त्या दिवशी सही केली नाहीत. पुढच्या दोन बाळंतिणी मी एकटीने पाहिल्यावर केलीत.’

माणुसकी, त्याग, सेवाभाव, दीपस्तंभ, यातला एकही शब्द या परिच्छेदात नाही. तरी वाचणाऱ्याला या सिस्टर कशा आहेत ते कळतं. संकटात शिकाऊ मुलीचा हात सोडत नाहीत, रुग्णासमोर पाणउतारा करत नाहीत, पण शाबासकीही फुकट देत नाहीत.

असं पत्र प्रीसेप्टरच्या कामाचं का असतं, याचं उत्तर नर्सिंगच्या अभ्यासातच आहे. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवखी परिचारिका निष्णात कशी होते यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी या प्रवासाचे पाच टप्पे मांडले. नवखी नियमाला धरून चालते: अमुक आकड्याच्या खाली गेलं की सांगायचं. निष्णात परिचारिका नियम आठवत बसत नाही. तिला एकदम सगळं चित्र दिसतं आणि ती हलते. अडचण अशी, की तिला ते का दिसलं हे विचारलं तर अनेकदा सांगता येत नाही. ‘बाई जरा बरी वाटेना’ एवढंच ती म्हणेल. पंधरा-वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या सिस्टरांनाही आपण चार्ट वरून खाली वाचतो हे ठाऊक नसतं. ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला मात्र ते पहिल्यांदा दिसतं, म्हणून नीट दिसतं. चांगल्या आभारपत्रात शिकणारी शिकवणारीला सांगते, की तुम्ही हे करता, आणि मला त्यातलं हे लागू पडलं. ‘तुमचं मार्गदर्शन मोलाचं’ हे वाचून सिस्टरांना बरं वाटेल. ‘आकडे मोठ्याने वाचायला लावलेत’ हे वाचून त्या पुढच्या बॅचलाही मुद्दाम वाचायला लावतील.

पत्रव्यवहाराची परंपरा या व्यवसायात जुनी आहे, फक्त दिशा उलटी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तिथेही वॉर्ड सिस्टरच शिकाऊ मुलींना रुग्णाच्या खाटेशी तयार करत. नाइटिंगेलबाई 1872 पासून अधूनमधून, तब्येतीमुळे घरूनच, शिकाऊ मुलींना लांबलचक पत्रं लिहीत. मुलींनी सिस्टरांना काय लिहिलं, हे मात्र इतिहासात फारसं वाचायला मिळत नाही.

पुन्हा आपल्या पत्राकडे. त्यात काही गोष्टी मी काढायला लावल्या. तिने खाट क्रमांक, तारीख आणि ताईंचं गाव लिहिलं होतं. नाव नव्हतं, म्हणून तिला वाटलं की गुप्तता पाळली. छोट्या तालुक्यात तारीख, गाव आणि ‘दुसरं बाळंतपण’ एवढ्यावर नाव शोधायला कुणालाही पाच मिनिटं लागणार नाहीत. पत्र सिस्टरांकडे जाईल, त्यांच्या घरी वाचलं जाईल, कदाचित स्टेटसला लागेल. रुग्णाची गोष्ट सांगायची, पण रुग्ण ओळखू येता कामा नये. हाच नियम निरोपाच्या फोटोलाही लागू. सिस्टरांसोबतच्या सेल्फीत मागच्या खाटेवरची बाळंतीण येतेच, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

दुसरी काढलेली गोष्ट म्हणजे तुलना. ‘इतर स्टाफने आम्हाला फक्त सॅम्पल पोचवायला पिटाळलं, तुम्ही मात्र…’ असं एक वाक्य होतं. ते खरंही असेल. पण सिस्टरांना त्याच इतर स्टाफबरोबर उद्या ड्युटी करायची आहे, आणि हे पत्र टेबलावर उघडं पडणार. ती तक्रार असेल तर ती कॉलेजच्या अभिप्राय फॉर्ममध्ये जायला हवी.

वेळेचाही प्रश्न आहे. सिस्टरांकडे मूल्यमापनाचे काही गुण असतात. गुण जाण्याआधी दिलेल्या पत्राचा अर्थ कितीही चांगला असला तरी वेगळा लागू शकतो. गुण भरून झाले, सह्या झाल्या, की मग पत्र द्यावं. भेटवस्तूबद्दल माझं मत थोडं कडक आहे. घड्याळ, साडी, चांदीचं नाणं यातलं काही देऊ नये. गरीब घरातल्या मुलींना वर्गणीचा ताण होतो, आणि जी सिस्टर सही फुकट देत नाही तिला अशा वस्तू घ्यायला अवघड वाटतं. पानभर पत्र पुरे. त्याची एक प्रत अधिसेविकांना, एक प्राचार्यांना द्यावी. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी दिलेल्या वेळाची नोंद सिस्टरांच्या कामाच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. रुग्णसंख्या, रजा, साठा सगळं लिहिलेलं सापडतं, आणि ड्युटी रूममध्ये दार लावून विचारलेला तो प्रश्न कुठेच सापडत नाही. अधिसेविकांच्या फाइलमध्ये अशी चार पत्रं साठली, तर पुढच्या वर्षी विद्यार्थी कुणाकडे द्यायचे आणि त्या पाळीत तिच्यावरचा भार थोडा कमी करायचा का, हे ठरवायला काहीतरी हाताशी राहतं.

मुलीने पत्र हाताने लिहिलं. शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ असं लिहिणार होती. मग स्वतःच खोडून ‘आपली विद्यार्थिनी’ लिहिलं. आता तिची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होईल आणि काही आठवड्यांत ती कुठेतरी स्टाफ म्हणून लागेल.

पत्र दिल्यावर सिस्टर काय म्हणाल्या, हे मी तिला विचारलं. त्यांनी ते उभ्या उभ्याच वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘चांगलं लिहिलंस गं. पण एक राहिलं. हात लावायच्या आधी बाईला लघवी कधी झाली ते विचारायचं. त्या दिवशी मीही ते नंतर विचारलं.’ पत्राच्या समासात त्यांनी पेनाने ते लिहिलं. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी त्यांनी पत्राची झेरॉक्स मुलींना वाचायला दिली, समासातल्या ओळीसकट, आणि लेबर रूममध्ये ओव्हर देताना शेवटच्या लघवीची वेळ सांगायची असं ठरवून टाकलं.